दुर्वाहकाची उष्णतावाहकता: चकतीचा प्रयोग, आणि तासभर थांबायचं कशासाठी?

बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 'लीज डिस्क' नावाचा एक प्रयोग असतो. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, कारण त्यातला बराचसा वेळ नुसतं बसून राहण्यात जातो. "सर, रीडिंग घेऊ का आता?" हा प्रश्न दर दहा मिनिटांनी येतो. 'अजून नाही' एवढं उत्तर पुरेसं नाही. घाई केली तर उत्तर नेमकं किती चुकतं, हे आकड्यांनिशी दाखवलं की मुलं आपणहून थांबतात. म्हणून हा लेख. (जाता जाता: हा प्रयोग चार्ल्स लीस या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाचा आहे. 'ली' नावाचा कुणी नव्हता. जर्नलमध्ये मात्र तोच जास्त दिसतो.)

आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात रबराचे भाग बनवणारी वर्कशॉप भरपूर आहेत, तेव्हा नमुना म्हणून रबराच्या शीटची गोल चकती घेऊ. जाडी 3 मिलिमीटर, त्रिज्या 5.5 सेंटिमीटर. रबरातून उष्णता फार हळू जाते. त्याची लांब कांडी घेतली तर दुसऱ्या टोकाला काही पोचायच्या आतच सगळी उष्णता बाजूने हवेत निघून जाईल. म्हणून नमुना पातळ आणि पसरट घ्यायचा: वाट छोटी, क्षेत्रफळ मोठं, आणि कडेने होणारी गळती नगण्य.

मांडणी साधी आहे. स्टँडला तीन दोऱ्यांनी पितळेची जाड चकती टांगायची. तिच्यावर रबराची चकती आणि त्यावर वाफेची पेटी. पेटीच्या जाड तळाला एक भोक असतं, पितळेच्या चकतीला एक. दोन्हीत एकेक थर्मामीटर. वरचं तापमान T1, खालचं T2. वाफ सुरू केली की T1 लवकर वर जातं आणि 98 अंशांच्या आसपास थांबतं. इथे मुलं हमखास विचारतात की 100 का नाही? आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर राहतो, पाणी इथे 98 लाच उकळतं. थर्मामीटर बिघडलेला नाही.

आता T2 कडे पाहा. रबरातून उष्णता खाली येते. पितळ तिचं दोन प्रकारे काहीतरी करतं: थोडी स्वतः तापण्यात साठवतं, थोडी हवेला देतं. सुरुवातीला पितळ थंड असतं, त्यामुळे हवेला फार काही जात नाही, जवळजवळ सगळी उष्णता साठते. पितळ तापत जातं तशी हवेत जाणारी उष्णता वाढते आणि वरून येणारी कमी होते, कारण T1 आणि T2 मधला फरक घटत असतो. एक वेळ अशी येते की जेवढी येते तेवढीच जाते. साठवण शून्य, T2 स्थिर. हीच स्थायी अवस्था, आपली 'स्टेडी स्टेट'.

प्रयोगाची सगळी युक्ती इथेच आहे. रबरातून किती उष्णता जाते हे थेट मोजायला आपल्याकडे साधन नाही. पण T2 तापमानाला पितळेची चकती हवेला किती उष्णता देते, ते मोजता येतं. ती नुसती निवू द्यायची आणि निवण्याचा वेग पाहायचा. स्थायी अवस्थेत हे दोन आकडे समान असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा वापरता येतो. इतर कुठल्याही क्षणी ते समान नसतात.

हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी मी धरलेले आहेत. पितळेची चकती 0.8 किलो, त्रिज्या 5.5 आणि जाडी 1 सेंटिमीटर, पितळेची विशिष्ट उष्माधारकता 380. खोलीचं तापमान 28. स्थायी अवस्थेत T1 = 98 आणि T2 = 83.7 मिळालं. मग रबर काढून वाफेची पेटी थेट पितळेवर ठेवायची, T2 पेक्षा आठ-दहा अंश वर तापवायचं, पेटी उचलायची आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं. आलेख काढून 83.7 अंशांपाशी स्पर्शिका घेतली, उतार आला सेकंदाला 0.0412 अंश.

एक गोष्ट मुलं विसरतात. निवताना चकतीचा वरचा पृष्ठभागही उघडा असतो. मूळ प्रयोगात तो रबराने झाकलेला होता. म्हणून (r+2h)/(2r+2h) हा गुणक लावायचा. इथे तो 7.5 भागिले 13, म्हणजे 0.577.

k = m·c·(dT/dt)·d·(r+2h) / [π·r²·(T1−T2)·(2r+2h)]

m, c, निवण्याचा वेग आणि गुणक यांचा गुणाकार साधारण 7.2 वॅट. हीच रबरातून वाहणारी उष्णता. जाडी 0.003 मीटर, क्षेत्रफळ 0.0095 चौरस मीटर, तापमानातला फरक 14.3. उत्तर 0.16 वॅट प्रति मीटर प्रति अंश. रबरासाठी अगदी योग्य.

आता घाई करू. याच आकड्यांवरून T2 कसं चढेल ते काढता येतं: 10 मिनिटांनी 67.9, 20 मिनिटांनी 79.2, 30 ला 82.4, 40 ला 83.3, 50 ला 83.6. वीस मिनिटांनी एखादा विद्यार्थी म्हणाला, 'झालं की, हळूहळूच वाढतंय', आणि त्याने 79.2 लिहून टाकलं. फरक फक्त साडेचार अंशांचा. पण त्याचं k येईल 0.11, म्हणजे तीस टक्के कमी! दहाव्या मिनिटाला थांबला असता तर 0.054, खऱ्या उत्तराचा तिसरा हिस्सा.

एवढी मोठी चूक का? विसाव्या मिनिटाला रबरातून साधारण 9.5 वॅट येत आहेत, हवेला जात आहेत 6.6. उरलेले 2.9 वॅट पितळेत साठत आहेत आणि हिशेबात ते कुठेच धरलेले नाहीत.  साठणारी उष्णता हिशेबातून सुटते, त्यामुळे घाईतलं उत्तर कायम कमीच येतं. जर्नल तपासताना k ठरावीक किमतीपेक्षा बरंच कमी दिसलं तर आधी वेळ विचारावी.

थांबायचं कधी, हा खरा अवघड भाग. एक अंशाच्या थर्मामीटरवर 30 ते 35 मिनिटांत T2 82.4 वरून 83.0 होतं, पाऱ्याकडे पाहून 'हललं नाही' असंच वाटेल. तिथे थांबलं तर k सहा ते दहा टक्के कमी. म्हणून अर्ध्या किंवा पाचव्या भागाच्या अंशाचा थर्मामीटर घ्यावा, पाच-पाच मिनिटांनी वाचावं आणि ओळीने तीन वाचनं तीच आली की मगच मान्य करावं.

कमी k चं दुसरं कारण वेळ नसून हवा असू शकते. रबर आणि धातू यांच्यात एक दशांश मिलिमीटर हवेचा थर राहिला तर तो सुमारे 0.6 मिलिमीटर जास्तीच्या रबराइतका अडथळा करतो. काचेच्या नमुन्याला ग्लिसरीनचा थेंब लावतात तो याचसाठी. उलट k जास्त आलं तर पंख्याची चौकशी करा: पहिल्या भागात बंद आणि निवताना चालू असेल तर चकती उगीच लवकर निवते.

पालकांपैकी कुणी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये असेल तर त्यांना हे वेगळं सांगायला नको. मशीन सुरू केल्यावर पहिले काही शॉट बाजूला काढतात, कारण साचा अजून तापतोय. वितळलेलं प्लास्टिक उष्णता आणतं, थंड पाणी ती नेतं. दोन्हींचा मेळ बसला की साच्याचं तापमान दर शॉटला तसंच राहतं आणि माप जमायला लागतं. तिथेही उष्णता वाहत असतेच. 'स्थायी' म्हणजे प्रवाह थांबला असं नव्हे. परीक्षेत मुलं हमखास 'दोन्ही चकत्यांचं तापमान समान होतं' असं लिहितात. तसं झालं तर T1−T2 शून्य होईल, प्रवाहही शून्य, आणि k काढायला काहीच उरणार नाही.