साठ डॉलरचा गेम आणि वरचे दोनशे दहा रुपये

निन्टेन्डोचा स्विच महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पोहोचला आहे, पण निन्टेन्डोचं भारतासाठी वेगळं ऑनलाइन दुकान मात्र नाही. दुबईहून किंवा सिंगापूरहून कुणीतरी यंत्र आणतं, नाहीतर मुंबई-पुण्यातल्या एखाद्या दुकानातून ते घेतलं जातं. खातं उघडताना देश विचारला जातो आणि मुलं 'अमेरिका' निवडून मोकळी होतात. त्या क्षणापासून प्रत्येक गेमची किंमत डॉलरमध्ये दिसू लागते. खरेदी मात्र रुपयांतच होणार असते, बहुतेक वेळा वडिलांच्या कार्डावरून.

समजा, नाशिकच्या एका मुलाने साठ डॉलरचा गेम निवडला. डॉलरचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ८५ रुपये धरू. तो वडिलांना सांगतो, "बाबा, पाच हजार शंभर रुपये लागतील." बाबा होकार देतात. महिन्याच्या शेवटी क्रेडिट कार्डाचं बिल येतं, त्यात ५,३१० रुपये आणि काही पैसे असतात. मुलाने खोटं सांगितलेलं नसतं आणि दुकानानेही एक सेंट जास्त घेतलेला नसतो.

वरचे दोनशे दहा रुपये बँकेत तयार झालेले असतात. दुकान डॉलरमध्ये पैसे मागतं, तेव्हा व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या त्या दिवसाच्या दराने डॉलरचे रुपये करते. हा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो, त्यात फारसं काही जात नाही. पुढचा टप्पा कार्ड देणाऱ्या बँकेचा. परकीय चलनातला व्यवहार म्हणून बँक त्यावर 'फॉरेक्स मार्कअप' लावते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. साडेतीन टक्के धरले तर ५,१०० रुपयांवर १७८ रुपये ५० पैसे होतात. ही बँकेची सेवा ठरते, म्हणून तेवढ्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३२ रुपये १३ पैसे. दोन्ही मिळून २१० रुपये ६३ पैसे. जाहिरातीत साडेतीन टक्के लिहिलेलं असतं, खिशातून मात्र चार टक्क्यांहून थोडं जास्तच जातं.

मार्कअप अजिबात न लावणारी कार्डंही भारतात मिळतात. काहींना वार्षिक फी असते, काहींना नसते. वर्षातून एखादा गेम घेणाऱ्याने मुद्दाम फी भरून असं कार्ड घेण्यात अर्थ नाही. दर महिन्याला डॉलरमध्ये काहीतरी विकत घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

अर्थात कार्ड मुळात चाललं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवं कार्ड हातात येतं तेव्हा त्यावर ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे असतात, आणि मर्यादाही तिथेच घालता येते. ही मर्यादा घालणं बरं, कारण अनेक परदेशी दुकानं ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होतो. गेम घ्यायच्या दिवशी सोय सुरू करून काम झालं की बंद करणारे लोक भित्रे वाटतील, पण त्यांचंच बरोबर आहे.

आता दुसरी वाट. मुलगा कार्ड थेट न देता पेपालसारखं वॉलेट निवडतो, किंवा एखाद्या परदेशी साइटवर पैसे भरताना पडद्यावर प्रेमळ प्रश्न येतो: डॉलरमध्ये भरायचे की रुपयांत? रुपयांतली रक्कम समोरच लिहिलेली असते, समजा ५,३०४. आकडा ओळखीच्या चलनात असतो, शिवाय आधीच्या बिलापेक्षा सहा रुपयांनी कमी. कुणीही रुपयेच निवडेल.

पण ५,३०४ म्हणजे डॉलर ८८ रुपये ४० पैशांनी. चलन बदलण्याचं काम इथे व्हिसा-मास्टरकार्डाऐवजी दुकानाच्या किंवा वॉलेटच्या बाजूने होतं आणि दर तेच ठरवतात. आपल्या उदाहरणात त्यांनी बाजारभावावर चार टक्के चढवले. वेगळी फी म्हणून ते कुठेच दिसत नाहीत, दराच्या पोटातच असतात. या पद्धतीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, आणि विमानतळांवरची, परदेशी हॉटेलांतली कार्डयंत्रंही हाच प्रश्न विचारतात.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण भारतातल्या अनेक बँका रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावरही शुल्क लावतात, कारण पैसे घेणारा व्यापारी परदेशात नोंदलेला असतो. हे शुल्क साधारण एक टक्का असतं. म्हणजे ५३ रुपये, त्यावर जीएसटीचे साडेनऊ. एकूण रक्कम जाते ५,३६६ रुपयांच्या वर. रुपयांतला आकडा बघून निर्धास्त झालेल्या माणसाने डॉलरवाल्यापेक्षा ५५ रुपये जास्त मोजलेले असतात, आणि मार्कअप नसलेलं कार्ड वापरणाऱ्यापेक्षा २६० हून जास्त. तीन वाटांमध्ये सर्वांत सोयीची दिसणारी हीच सर्वांत महाग पडते.

पेपालमध्ये यावर इलाज आहे, फक्त तो शोधावा लागतो. पैसे भरण्याच्या पानावर चलन बदलण्याचे पर्याय उघडले की विक्रेत्याच्या चलनातच बिल लावा, असं सांगता येतं. मग रूपांतर कार्डाकडे जातं. रुपये हा पर्याय आधीपासून निवडलेला असतो, हे काही अपघाताने झालेलं नसावं.

तिसरी वाट व्हाउचरची. अमेरिकी ईशॉपचं प्रीपेड कार्ड, म्हणजे खरं तर एक कोड, भारतातले विक्रेते यूपीआयवर विकतात. इथे बँकेचा मार्कअप नाही, ओटीपीची कटकट नाही, कार्ड नाकारलं जाण्याची भीती नाही. भीती खरी आहे, कारण परदेशी दुकानं बाहेरच्या देशांतली कार्डं कधी घेतात, कधी नाही. निन्टेन्डोच्याच जपानी दुकानाने २५ मार्च २०२५ पासून जपानबाहेर दिलेली क्रेडिट कार्डं आणि परदेशी पेपाल खाती स्वीकारणं बंद केलं. कारण दिलं गैरवापर रोखण्याचं. जपानी गेमच्या ओढीने तिथे खातं काढून बसलेल्या जगभरच्या लोकांपुढे मुख्यतः प्रीपेड कार्डाचा रस्ता उरला.

व्हाउचरची किंमत मात्र दोन ठिकाणी लपलेली असते. पहिली विक्रेत्याच्या भावात. पन्नास डॉलरचा कोड ४,४५० रुपयांना मिळत असेल तर तिथे डॉलर ८९ रुपयांचा झाला. बाजारात तो ८५ ला असताना हा जवळजवळ पावणेपाच टक्क्यांचा मार्कअपच, फक्त बँकेऐवजी विक्रेत्याने घेतलेला. रुपयांच्या रकमेला डॉलरच्या आकड्याने भागायला दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात कोड स्वस्त की महाग ते कळतं. दिवाळीच्या सवलतीत काही वेळा तो खरोखर बाजारभावाच्या खाली मिळतो.

दुसरी जागा शिल्लक रकमेची. अमेरिकी दुकानात लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. खात्यावर जो पत्ता दिला असेल त्या राज्याचा कर शेवटच्या पानावर जोडला जातो. साठ डॉलरचा गेम आठ टक्के कराने चौसष्ट डॉलर ऐंशी सेंटचा होतो. मुलाने पन्नास आणि दहाचे कोड आणलेले असतील तर आता आणखी दहाचा आणावा लागतो, आणि गेम घेतल्यावर पाच डॉलर वीस सेंट खात्यात पडून राहतात. ८९ च्या भावाने हे ४६० रुपयांहून जास्त झाले. ते काढून घेता येत नाहीत. पुढच्या गेमला उपयोगी पडतील तेव्हा पडतील. खात्याचा देश बदलायचा म्हटलं तर आधी ही शिल्लक संपवावी लागते. आणि अमेरिकेचा कोड जपानच्या खात्यात चालत नाही, जपानचा अमेरिकेच्या खात्यात चालत नाही. कोडच्या बाबतीत बहुतेक दुकानांचा 'परत नाही' हाच नियम असतो, म्हणून चुकीच्या देशाचा कोड घेतला की तो खातं त्या देशाचं असलेल्या मित्राला देणं, एवढंच हातात राहतं.

वाजवीपेक्षा फार स्वस्त कोडांच्या वाटेला न जाणं बरं. चोरलेल्या कार्डांवर कोड घ्यायचे आणि खुल्या बाजारात विकायचे, हा जुना धंदा आहे. मूळ कार्डधारकाने तक्रार केली की कोड रद्द होऊ शकतो. स्वस्त देशाचं खातं दाखवून खरेदी करण्याची हौसही अशीच अंगाशी येते. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात स्टीमवरचे गेम स्थानिक चलनात फार स्वस्त पडत, म्हणून जगभरातून लोक तिथली खाती काढत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने त्या दोन्ही देशांतल्या किमती डॉलरवर नेल्या, आणि बाहेरच्यांच्या गर्दीबरोबर तिथल्या खऱ्याखुऱ्या मुलांच्याही हातून स्वस्त गेम गेले. चलनाची घसरण हे त्यामागचं मोठं कारण होतं, हेही खरं. भारतात स्टीमने २०१५ मध्येच रुपयांत किमती लावल्या. तिथे गेम घेणाऱ्याला वरचा बराचसा हिशेब करावाच लागत नाही, आणि एकच गेम दोन्हीकडे मिळत असेल तर हा फरक मोजण्यासारखा आहे.

बिलात नक्की काय झालं हे ओळखणं अवघड नाही. क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात परदेशी व्यवहारासमोर मूळ चलन आणि रक्कम असते. तिथे USD 60 दिसलं तर रूपांतर कार्डाने केलं. मार्कअप आणि जीएसटी बहुतेक वेळा खाली वेगळ्या ओळींत येतात, कधी काही दिवसांनी. मूळ चलनाच्या जागी INR दिसत असेल आणि दुकान परदेशी असेल, तर रूपांतर त्या बाजूने झालं आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर तारखेनुसार दर दाखवणारं गणकयंत्र असतं, त्यावरून बँकेचा आकडा पडताळता येतो. खरेदीच्या क्षणी आलेल्या एसएमएसमधली रक्कम आणि विवरणपत्रातली रक्कम थोडी वेगळी असली तर घाबरायचं कारण नसतं. दुकानाने हिशेब पूर्ण करेपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि दर त्या दिवसाचा लागू शकतो.

परतावा मात्र वेगळं प्रकरण आहे. पोलंडचं जीओजी हे दुकान भारतीय ग्राहकाला डॉलरमध्ये विकतं आणि तीस दिवसांत गेम परत घेतं. साठ डॉलर घेतले, साठ डॉलर परत दिले, दुकानाच्या दृष्टीने विषय संपला. पण परताव्याच्या दिवशी डॉलर ८४ रुपये ५० पैसे असेल तर खात्यात ५,०७० रुपये येतात, आणि अनेक बँका आधी घेतलेला मार्कअप व त्यावरचा जीएसटी परत करत नाहीत. ५,३१० रुपये गेले होते. न खेळलेल्या गेमचे २४० रुपये बँकेच्या आणि दराच्या खात्यात जमा झाले, आणि त्याबद्दल तक्रार करायला गेलं तर बँक शुल्काच्या तक्त्यातली ती ओळ दाखवते, जी कार्ड घेताना सहीच्या कागदांबरोबर दिलेली असते.