स्टेटमेंटच्या फोटोतून टाळता येणारे बँक चार्जेस कसे शोधायचे?

बँक स्टेटमेंटचा मोबाईलवर काढलेला फोटो आणि त्यातून काढायचा एक छोटा सारांश: चार्जेस किती गेले, दंड किती, व्याज किती आणि यातलं काय टाळता आलं असतं. ऐकायला हे ओसीआरचं काम वाटतं. अक्षरं वाचली, ‘CHRG’ शब्द असलेल्या ओळी शोधल्या, बेरीज केली, संपलं. प्रत्यक्षात बेरीज हा सगळ्यात सोपा भाग आहे. अडचण दोन ठिकाणी येते: वाचलेला आकडा खरा आहे हे कसं ओळखायचं, आणि चार्ज एका ओळीत पण त्याचं कारण दुसरीकडेच असेल तर ते कसं जोडायचं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक संशोधक विद्यार्थिनी, ३७,००० रुपये फेलोशिप, लॅपटॉपचा ३,८५० रुपयांचा हप्ता दर ५ तारखेला. ऑगस्ट २०२५ चं स्टेटमेंट असं आहे, सुरुवातीची शिल्लक १,४१२ रुपये:

```
03/08 ATM WDL                     1,000.00 Dr     412.00
11/08 NEFT FELLOWSHIP            37,000.00 Cr  37,412.00
11/08 ACH RTN CHRG 050825 +GST      590.00 Dr  36,822.00
11/08 AMB CHRG JUL25 +GST           177.00 Dr  36,645.00
12/08 ACH D LAPTOP EMI            3,850.00 Dr  32,795.00
29/08 ATM WDL                     2,000.00 Dr  30,795.00
29/08 ATM EXCESS CHRG +GST           27.14 Dr  30,767.86
```

आधी वाचनाची खात्री. स्टेटमेंटची गंमत अशी की त्यात तपासणीची सोय आधीच छापलेली असते. मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, बरोबर या ओळीची शिल्लक. हे प्रत्येक ओळीवर चालवायचं. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा, नाहीतर दशांशाच्या गोळाबेरजेमुळे उगाच फरक दिसतात.

```python
def tapas(rows, prev):
    for i, r in enumerate(rows):
        diff = prev - r["dr"] + r["cr"] - r["bal"]
        if diff:
            print(i, diff)
        prev = r["bal"]
```

फरक आला की थांबून तो कसा आला हे बघा, कारण फरकाच्या आकारावरून चूक ओळखता येते. समजा ५९० चा ९ फोटोत पुसट आहे आणि ओसीआरने ५०० वाचलं. ५०० ही गोल रक्कम, नजरेला अजिबात खटकत नाही. पण त्याच एका ओळीत ९० रुपयांचा फरक निघतो आणि पुढची ओळ परत जुळते. म्हणजे रक्कम चुकली, शिल्लक बरोबर आहे. आता उलट समजा, शिल्लक ३६,८२२ ऐवजी ३६,३२२ वाचली गेली. मग त्या ओळीत +५०० आणि लगेच पुढच्या ओळीत −५०० येतो. लागोपाठ दोन, समान आणि विरुद्ध: शिल्लक चुकली.

तिसरा प्रकार जास्त त्रासदायक. कागदाच्या घडीमुळे १७७ ची ओळ अख्खी गेली, तर हप्त्याच्या ओळीत १७७ चा फरक दिसतो. ही रक्कम चुकली की ओळ हरवली? इथे जीएसटी मदतीला येतो. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून फरकाला १.१८ ने भागून बघायचं. १७७ भागिले १.१८ म्हणजे नेमके १५०. इतकी गोल रक्कम निघाली की हरवलेली ओळ बहुधा चार्जचीच असते, आणि फोटोत परत तिथेच बघायचं. तसंच ५९० म्हणजे ५०० अधिक ९०, २७.१४ म्हणजे २३ अधिक ४.१४. काही बँका जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवतात, त्या ओळी मूळ चार्जला जोडून एकच धरा.

या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. तारीख किंवा तपशील चुकीचा वाचला गेला तर ती काहीच बोलत नाही. म्हणून अक्षरांची अचूकता ९९ टक्के आहे एवढं मोजून पेपरात लिहिण्यात फारसा अर्थ नाही; तारीख, तपशील आणि रक्कम तिन्ही बरोबर असलेल्या ओळी किती, ते मोजा.

शब्द शोधून वर्गीकरण करण्यात एक जुना सापळा आहे. बचत खात्यात `Int.Pd` अशी ओळ दिसली की वाटतं व्याज भरलं. पण ते बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं: बँकेने तुम्हाला दिलेलं व्याज, जमा बाजूला. त्यामुळे व्याज दिलं की मिळालं हे शब्दावरून नाही, रकान्यावरून ठरवायचं. आणि मिळालेलं व्याज चार्जेसमधून वजा करून ‘निव्वळ खर्च’ दाखवू नका, गळती त्यातच लपते.

आता कारणं. आपल्या उदाहरणात एकूण चार्जेस ७९४.१४ रुपये. ५९० ची ओळ ११ तारखेची आहे, पण घटना ५ तारखेची. त्या दिवशी खात्यात ४१२ रुपये होते, हप्ता परत गेला. चार्ज वसूल करण्याइतकेही पैसे नव्हते, म्हणून फेलोशिप आल्यावर तो कापला. तपशिलातला `050825` हा आकडा वाचला नाही तर कुणालाही वाटेल की खात्यात सदतीस हजार असताना बँकेने दंड लावला. हा चार्ज टाळता येण्यासारखा आहे, हप्त्याची तारीख १५ च्या पुढे नेऊन. अर्थात फेलोशिपच २० तारखेला आली तर तोही उपाय फुकट, म्हणून किमान सहा महिन्यांच्या जमा तारखा बघूनच तारीख सुचवावी.

१७७ चा चार्ज जुलैच्या सरासरी शिलकीचा आहे आणि जुलै या फोटोत नाहीच. त्यामुळे त्याच्यापुढे ‘ठरवता येत नाही’ असंच लिहायचं. सारांशात हा तिसरा रकाना नसेल तर तुमची पद्धत अंदाजाला निष्कर्ष म्हणून खपवते. इथे लोक आणखी एक चूक करतात: आठ दिवस ४१२ रुपये होते, म्हणजे ऑगस्टलाही दंड बसणार असं धरतात. पण हिशोब रोजच्या शेवटच्या शिलकीच्या सरासरीचा असतो. या महिन्याची सरासरी बावीस हजारांच्या वर जाते, दंडाचा प्रश्नच नाही. जुलैच्या चार्जबाबत मात्र एक गोष्ट विचारता येते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार दंडाआधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवून शिल्लक भरायला एक महिना द्यावा लागतो, आणि दंड तुटीच्या प्रमाणात हवा. सूचना आलीच नसेल तर पैसे परत मागायला जागा आहे.

२७.१४ ची ओळ मला सगळ्यात आवडते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पुण्यासारख्या शहरात महिन्याला ५ व्यवहार मोफत (मुंबईसारख्या महानगरांत ३), आणि त्यापुढे १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये अधिक कर. पण स्टेटमेंटमध्ये पैसे दोनदाच काढलेले दिसतात! मग चार्ज चुकीचा? तसं लगेच म्हणता येत नाही. नुसती शिल्लक बघणं हाही मोफत मर्यादेत मोजला जाणारा व्यवहार आहे, आणि त्याची ओळ स्टेटमेंटमध्ये उमटत नाही. फेलोशिप आली का म्हणून चार वेळा दुसऱ्या बँकेच्या मशीनवर डोकावलं की मोफत संख्या संपली. तसं झालं असेल तर चार्ज नियमात बसतो आणि टाळण्यासारखाही आहे: शिल्लक मोबाईलवर बघायची. तसं झालं नसेल तर तक्रार करायची. हे फोटो नाही सांगू शकत, खातेदारालाच विचारावं लागतं.

आणि ५९० वर गोष्ट संपत नाही. हप्ता परत गेला की कर्ज देणारी कंपनीही आपला दंड लावू शकते, तो या स्टेटमेंटमध्ये कधीच दिसणार नाही. त्यासाठी कर्जखात्याचा उतारा वेगळा मागवा आणि ५ ऑगस्ट ही तारीख धरून दोन्ही जोडा.