ज्योत हलू दे, नथ नको

तुळशीपाशी दिवा लावणाऱ्या बाईच्या चित्राची पाच सेकंदांची क्लिप करायची आहे. प्रॉम्प्टमध्ये बाई, नऊवारी, वृंदावन यांचं वर्णन पुन्हा करू नये. ते मॉडेलला चित्रात दिसतंच. शब्द चित्राशी जुळले नाहीत तर चेहराही बदलू शकतो. फक्त हालचाल सांगावी: ‘कॅमेरा स्थिर. ज्योत हलकेच थरथरते, पदराचं टोक किंचित उडतं. चेहरा आणि हात स्थिर.’ ‘कॅमेरा हलवू नका’ असं नकारार्थी लिहिलं, तर काही मॉडेल्स नेमकं हलवणंच उचलतात. तयार क्लिपची पहिली नि शेवटची फ्रेम शेजारी ठेवून बोटं, नथ, काठाची नक्षी ताडून पाहावी. मॉडेल सगळी फ्रेमच नव्याने रंगवतं, पण नक्षी हलणाऱ्या भागात जास्त विरघळते. तसं झालं तर पदर सोडून ज्योत तेवढी हलती ठेवावी.