जिन्यात धूर आहे, आता काय?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. याच दिवसांत अनेक गृहनिर्माण सोसायट्या आपल्या स्वयंसेवकांसाठी प्रश्नमंजुषा ठेवतात. स्फोट कोणत्या साली झाला, आगीचे वर्ग कोणते, अग्निशमन दलाचा नंबर काय, असे प्रश्न असतात आणि बहुतेकांना उत्तरं येतातही. पण पहाटे तीन वाजता पाचव्या मजल्यावर जाग आलेल्या माणसाने बाहेर पडायचं की आतच थांबायचं, हे त्यातल्या एकाही उत्तरावरून ठरत नाही.

म्हणून स्वयंसेवकांपुढे माहितीपेक्षा प्रसंग ठेवावेत. चुकीचे पर्यायही उगाच रचलेले नसावेत; घाबरलेली माणसं खरोखर जे करतात, तेच पर्याय म्हणून द्यावेत.

पहिल्या प्रसंगासाठी दूर जायला नको. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास गोरेगाव पश्चिमेला आझाद नगरमधल्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत आग लागली. ती लागली तळाला, पार्किंगमध्ये. तिथे कपड्यांचे गठ्ठे ठेवलेले होते आणि गाड्या उभ्या होत्या. धूर वरच्या मजल्यांपर्यंत चढला. किमान सात जणांचा जीव गेला आणि चाळीसहून अधिक जण जखमी झाले.

यावरून बेतलेला प्रश्न असा. इमारत बारा मजली, जिना एकच. पार्किंगमधल्या दुचाकी पेटल्या आहेत आणि वीज गेली आहे. तुम्ही पाचव्या मजल्यावर आहात. दाराच्या आयहोलमधून पाहिलं तर जिन्यात काळा धूर दिसतो. चार पर्याय आहेत: नाकाला रुमाल लावून झपाट्याने खाली उतरायचं, गच्चीकडे धावायचं, लिफ्ट मिळते का पाहायचं, की दार लावून घरातच थांबायचं?

पुष्कळ जण पहिला पर्याय निवडतात, कारण आग म्हटलं की बाहेर पळायचं हे मनात पक्कं बसलेलं असतं. इथे नेमकं तेच घातक आहे. तळाशी पेटलेल्या आगीचा तापलेला धूर वर जायला वाट शोधतो आणि दारं उघडी असली की जिना त्याच्यासाठी धुराड्याचं काम करतो. खाली उतरणारा माणूस प्रत्येक मजल्यागणिक अधिक दाट, अधिक तापलेल्या धुरात शिरत जातो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. तो रक्तातला प्राणवायू हटवतो. माणूस गोंधळतो, पाय लटके पडतात आणि मग पायऱ्यांवरच बसकण मारली जाते. गच्चीचा पर्यायही धोक्याचा, कारण वर चढलेला धूर जिन्याच्या माथ्यावर साठतो आणि तिथलं दार पुष्कळ सोसायट्यांत कुलूपबंद असतं. लिफ्ट मध्येच अडकू शकते आणि तिच्या शाफ्टमधूनही धूर चढतो.

इथे बरोबर उत्तर घरात थांबण्याचं आहे, पण नुसतं थांबणं पुरेसं नाही. मुख्य दार लावायचं. खालच्या फटीत ओली चादर किंवा टॉवेल कोंबायचा. जिन्यापासून लांबच्या, बाहेर मोकळी हवा असलेल्या खोलीत सगळ्यांनी जमायचं आणि त्या खोलीचंही दार लावायचं. खालून धूर भिंतीला लागून वर येत नसेल तरच खिडकी उघडायची. मग १०१ किंवा ११२ वर विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि आत किती जण आहेत ते सांगायचं, आणि खिडकीतून टॉर्च किंवा उजळ कापड हलवायचं.

उत्तर तपासल्यावर लगेच त्याच प्रश्नातली एक गोष्ट बदलावी. आग पार्किंगमध्ये नाही, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे आणि पाचव्यापासून खाली जिना स्वच्छ आहे. आता घरात बसणं चूक. शांतपणे, कठड्याच्या एका बाजूने, जवानांना वर यायला जागा ठेवून उतरायचं. मग आणखी एक बदल: आग आपल्याच मजल्यावर समोरच्या घरात आहे. आता आधी आपलं दार तपासायचं. तळहाताने नव्हे, हाताच्या पाठीने. तिथली त्वचा उष्णता लवकर ओळखते आणि चटका बसलाच तरी कठडा धरायला तळहात शाबूत राहतो. दार गरम असेल तर उघडायचं नाही. थंड असेल तर किंचित उघडून जिना पाहायचा. आग कुठे आहे, जिना कसा आहे आणि आपलं दार गरम की थंड, या तीन गोष्टी विचारून उत्तर देणारा स्वयंसेवक तयार झाला असं समजावं. “खाली पळा” किंवा “आत थांबा” यातलं एकच पाठ केलेला माणूस कुठल्या ना कुठल्या रात्री चुकणार.

आत थांबण्यालाही मर्यादा आहे आणि ती प्रश्नमंजुषेत आलीच पाहिजे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत एका स्वयंपाकघरातून आग सुरू झाली. रहिवाशांना घरातच थांबा असं सांगितलं गेलं, कारण आग एका घरातच कोंडलेली राहील असं गृहीत धरलं होतं. पण बाहेरच्या भिंतीवरचं ज्वलनशील आवरण पेटलं आणि आग इमारतीभर पसरली. पहिला फोन एकच्या आधी आला होता, तो सल्ला मात्र पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतला गेला. ७२ जण मेले. तिथेही जिना एकच होता. बाहेरून आग मजल्यामागून मजला चढताना दिसली आणि जिना अजून चालण्याजोगा असेल, तर निघण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो. खाली उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला हे सगळ्यात आधी दिसतं. ते अग्निशमन दलाच्या कानावर घालणं हे त्याचं काम.

दुसरा प्रसंग आग लागलेल्या घराचा. स्वयंपाकघरात कढईतलं तेल पेटलं, पडद्याने पेट घेतला, आग आवरेना. घरातले चौघे बाहेर पडले आणि शेजाऱ्यांना हाका मारत जिन्याने उतरू लागले. त्यांचं काय चुकलं? अनेकांना काहीच चूक सापडत नाही. चूक दाराची आहे: ते उघडं राहिलं. बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर धुराला मुळीच अडवत नाही. आतलं लाकडी दार ओढून घ्यायचं, कुलूप मात्र घालायचं नाही, कारण जवानांना आत जायचं असतं. बंद दारामुळे आगीला हवा कमी मिळते आणि वरच्या मजल्यांवरच्या लोकांना जिना आणखी काही मिनिटं वापरता येतो. कागदपत्रं किंवा दागिने आणायला मागे फिरण्याचा पर्यायही या प्रश्नात ठेवावा, कारण तो मोह खरा असतो.

तिसरा प्रश्न ओल्या कापडाचा. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चौघांचा जीव गेला. तिथे राहणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडाचे तुकडे नाकातोंडावर धरायला लावले. त्याबद्दल पुढे तिचा राष्ट्रीय शौर्य पुरस्काराने गौरव झाला. तिने केलं ते योग्यच. ओलं सुती कापड काजळीचे कण अडवतं, घशाची जळजळ कमी करतं आणि मदत येईपर्यंत तग धरायला उपयोगी पडतं. पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो. “ओला रुमाल लावला की धुराने भरलेल्या जिन्यातून उतरता येतं” हे विधान बरोबर की चूक, असं विचारावं आणि चूक का, हेही लिहायला सांगावं. जवळ जमिनीलगतचा थोडाच धूर ओलांडायचा असेल तर वाकून, गुडघ्यांवर जाता येतं. खाली हवा त्यातल्या त्यात बरी असते.

अग्निशामक सिलिंडरवर एकच प्रश्न पुरे: सहा किलोचा पावडरचा सिलिंडर किती वेळ चालतो? लोक पाच मिनिटं, दहा मिनिटं असं सांगतात. प्रत्यक्षात तो पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. त्यामुळे तो कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी आहे, पेटलेल्या खोलीसाठी नाही. तो वापरताना बाहेरची वाट पाठीशी ठेवायची आणि फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर न मारता बुडाशी मारायचा. सिलिंडर संपला आणि आग उरली, तर दार लावून बाजूला व्हायचं.

यापुढचे प्रश्न खुर्चीत बसून सोडवण्याचे नाहीत. स्वयंसेवकाने उठून जागेवर नेऊन दाखवायचं: विंगचा मेन स्विच कुठला, गच्चीच्या दाराची किल्ली रात्री कोणाकडे असते, जिन्यातल्या होज रीलचा व्हॉल्व हाताने फिरतो का, बॉक्स ग्रिलला आतून उघडणारी खिडकी किती घरांत आहे. रेफ्युज एरियात जुना सोफा आणि कुंड्या सापडल्या तर तेही उत्तरच. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची आहे आणि परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. मात्र फायर पंपाच्या पॅनेलचं बटण आज ‘ऑटो’वर आहे की कोणी ‘मॅन्युअल’वर ठेवून दिलं आहे, हे सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरून कळत नाही. ते मॅन्युअलवर राहिलं तर वरच्या मजल्यावर व्हॉल्व उघडूनही पंप आपोआप सुरू होत नाही.

शेवटचा प्रसंग फाटकावरचा. बंब आला आहे, अधिकारी उतरले आहेत, भोवती वीस माणसं एकदम बोलत आहेत. स्वयंसेवकाकडे अर्धं मिनिट आहे. काय सांगायचं, ते चार वाक्यांत लिहा. चांगलं उत्तर साधारण असं असतं: “बी विंग, आग तळाला मीटर रूममध्ये, वीज बंद केली आहे. जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत धूर आहे. सातव्या मजल्यावर ७०२ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या आजी आणि त्यांची सून आहेत, त्या घरातच आहेत, फोनवर बोलणं झालं आहे. हायड्रंट मागच्या बाजूला, वाटेतल्या गाड्या हलवल्या आहेत.” हे उत्तर लिहिता यायचं असेल तर आधारावाचून जिना न उतरू शकणाऱ्यांची मजलावार यादी सोसायटीकडे आधीच असावी लागते आणि तिची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये लागते. यादी नसेल तर प्रश्नमंजुषेच्या त्याच दिवशी स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन ती करावी.