चढ्या भावाने विकले, तरी नफा नाही

बायबॅकमध्ये घेतलेले शेअर भारतात कंपनीला रद्दच करावे लागतात. अमेरिकेत, डेलावेअरसारख्या राज्यात, ते ‘ट्रेझरी शेअर’ म्हणून ठेवून पुन्हा विकता येतात.

समजा, कंपनीने 50 डॉलरने 100 शेअर परत घेतले. भागधारकांचा निधी 5,000 डॉलरने घटला. पुढे 40 शेअर 60 डॉलरने विकले. वरचे 400 डॉलर नफा-तोटा पत्रकात येत नाहीत, अधिमूल्याच्या खात्यात जातात. स्वतःच्याच मालकांशी व्यवहार, त्यात कमाई कसली? उरलेले 60 शेअर 40 डॉलरनेच गेले, तर 600 डॉलरची तूट. आधी ते 400 संपतात, बाकीचे 200 संचित नफ्यातून वजा होतात.

स्टॉक डिव्हिडंडमध्ये रोकड हलतच नाही. लहान डिव्हिडंड असेल तर शेअरच्या बाजारभावाइतकी रक्कम संचित नफ्यातून भागभांडवल आणि अधिमूल्यात सरकते; एकूण निधी तेवढाच राहतो.