‘हाय’च्या पुढे काय?

लग्नाच्या अ‍ॅपवर एकमेकांची पसंती जुळली की पहिला मेसेज बहुधा ठरलेला असतो : ‘हाय, कशा आहात?’ उत्तर जातं, ‘मजेत. तुम्ही?’ मग ‘मीपण मजेत’, ‘जेवण झालं का?’ आणि गाडी तिथेच अडते. खापर फुटतं ‘हाय’ लिहिणाऱ्यावर. पण अशा मेसेजमध्ये माहिती विचारलेलीच नसते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच हे मांडलं होतं, की असं बोलणं निव्वळ संबंध जोडण्यासाठी असतं. म्हणून बोलण्याला विषय देण्याचं काम उत्तर देणाऱ्याच्या हाती येतं.

समजा, मुलाच्या प्रोफाइलवर हरिश्चंद्रगडाचा फोटो आहे. मुलीने असं लिहून पाहावं : ‘बरी आहे. महिनाअखेरीची बिलं आत्ता संपवली, डोकं बधिर झालंय. तुमचा कोकणकड्याचा फोटो पाहिला. पावसात गेला होतात की थंडीत?’

यात दोनच गोष्टी आहेत. एक, स्वतःच्या दिवसातला छोटासा तपशील. समोरच्याला हवं तर तो धागा धरता येतो. दुसरी, एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न. ‘आयुष्याकडून काय अपेक्षा आहेत?’ असं विचारलं की माणूस ‘नंतर लिहू’ म्हणतो आणि ते राहूनच जातं. प्रोफाइल कोरं असेल तर ‘आज ऑफिस की सुट्टी?’ एवढंही पुरतं.

खरी कसोटी पुढच्या मेसेजला लागते. तो लिहितो, ‘थंडीत. खिरेश्वरकडून चढलो, वर मुक्काम केला. रात्रभर झोप नाही!’ इथे ‘अरे वा! नोकरी कुठे आहे?’ असं विचारलं की गप्पांची चौकशी होते. त्याऐवजी त्याच्याच वाक्यातला एक शब्द उचलावा : ‘झोप का नाही? थंडीमुळे की मित्रांच्या गप्पांमुळे?’ हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे उत्तरातून निघालेले प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडल्याचं दिसलं. ‘स्पीड डेटिंग’मध्ये तर त्यांना पुन्हा भेटण्यासाठी जास्त होकार मिळाले. कारण साधं आहे : आपलं बोलणं ऐकलं गेलं, हे त्या प्रश्नातून कळतं.

नुसते प्रश्नही चालत नाहीत. तो दोनदा बोलला की एकदा आपलंही काही सांगावं. ‘विशेष काही नाही, तुम्हीच बोला’ या उत्तराने मात्र सगळा भार पुन्हा त्याच्यावर पडतो.

एवढं करूनही ‘हो’, ‘हम्म’ किंवा नुसता अंगठाच येत राहिला, तर अशा दोन प्रयत्नांनंतर थांबावं. प्रश्न चांगला असला तरी समोरच्याला बोलायचंच नसेल, तर त्याला बोलतं करण्याची जबाबदारी तुमची नाही.