कानाची शाळा (भाग ९) : एका जागी रोवलेला सा

गाण्याच्या क्लासला नवीन विद्यार्थी आला की पहिला प्रश्न असतो, "पट्टी कोणती?" एखादी मुलगी काळी पाच सांगते, शेजारचा मुलगा काळी एक. मग दोघंही भूप गातात आणि ऐकणाऱ्याला तो भूपच वाटतो. हिंदुस्थानी संगीतात सा सरकता आहे. एखाद्याचा सा सेकंदाला 240 कंपनांचा असेल तर त्याचा पंचम 360 वर येतो, दुसऱ्याचा सा 270 चा असेल तर पंचम 405 वर. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे प्रमाण दोनास तीन हेच. हे प्रमाण ओळखणारं ज्ञान म्हणजे सापेक्ष स्वरज्ञान. सा मिळाला की बाकीचे स्वर कुठे आहेत ते या कानाला कळतं. सा मिळालाच नाही तर तो गप्प बसतो.

दुसऱ्या जातीच्या कानाला सा लागतच नाही. कोणीतरी पेटीवर एकच पट्टी दाबली की हा माणूस मागे वळून न पाहता "काळी चार" म्हणतो, तेही क्षणात. यालाच परफेक्ट पिच किंवा निरपेक्ष स्वरज्ञान म्हणतात. ते दुर्मीळ आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत लहानपणी, सहा-सात वर्षांच्या आत सुरू झालेल्या शिक्षणातून येतं. जपानमध्ये आयाको साकाकिबारा यांनी दोन ते सहा वर्षांच्या 24 मुलांना पियानोवरचे ठरावीक स्वरसमूह ओळखण्याचं दीर्घ शिक्षण दिलं. दोघं मधेच थांबली, उरलेल्या 22 जणांना ते स्वरज्ञान आलं. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला.

मग चाळिशीत पेटी विकत घेणाऱ्यानं काय करायचं?

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. स्वराच्या उंचीची स्मृती जवळजवळ सगळ्यांकडे थोडीफार असतेच. डॅनिएल लेव्हिटिन यांनी 1994 साली छापलेल्या प्रयोगात 46 विद्यार्थ्यांना आपापल्या आवडीचं, एकाच ध्वनिमुद्रणात ऐकलेलं गाणं आठवून गायला सांगितलं. ते कोणत्या पट्टीत सुरू करायचं हे कोणी सुचवलं नव्हतं. दोन गाण्यांपैकी निदान एकात तरी सुमारे 40 टक्के लोक मूळ पट्टीवर अचूक पोचले. यातल्या बहुतेकांना पेटीवरची काळी तीन आणि काळी चार ऐकून वेगळी ओळखता आली नसती. म्हणजे उंची डोक्यात साठलेली होती, पण तिला नावाची चिठ्ठी चिकटलेली नव्हती. मोठेपणी अवघड जातं ते ही चिठ्ठी चिकटवणं.

पॉल ब्रेडी नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं ते स्वतःवर करून पाहिलं. त्याची तिशी उलटली होती, पियानो येत होता, सापेक्ष कान तयार होता. त्यानं संगणकाकडून स्वरांच्या फिती करून घेतल्या. सुरुवातीच्या फितींत एकच स्वर, आपल्या भाषेत पांढरी एक, पुन्हा पुन्हा येई आणि बाकीचे स्वर क्वचित. पुढच्या फितींत तिचं प्रमाण हळूहळू कमी होत गेलं, आणि शेवटी बाराही स्वर सारखेच येऊ लागले. पांढरी एक डोक्यातून पुसू न देणं हाच सगळा अभ्यास होता.

परीक्षाही त्यानं चतुराईनं घेतली. रोज सकाळी, कानावर दुसरं काही संगीत पडण्याआधी, त्याची बायको पियानोवर कोणताही एक स्वर वाजवी आणि तो नाव सांगे. दिवसभरात एकच स्वर, म्हणजे आधीच्या स्वराशी तुलना करून उत्तर काढण्याची सोय नाही. असे 57 दिवस झाले. 37 वेळा उत्तर बरोबर आलं, 18 वेळा अर्ध्या स्वरानं चुकलं आणि दोनदाच एका पूर्ण स्वरानं. 1970 साली त्यानं हे निष्कर्ष छापले, तेव्हा आपल्या ज्ञानाला त्यानं अचल सप्तकाची यंत्रणा म्हटलं. कानावर पडलेला प्रत्येक स्वर त्याला पांढरी एकच्या सप्तकातला अमुक स्वर म्हणून जाणवे. पंचमासारखा वाटला तर तो पांढरी पाच, शुद्ध गंधारासारखा वाटला तर पांढरी तीन. थोडक्यात, या गृहस्थानं आपला सा एका जागी खिळा ठोकून बसवला आणि बाकीचं काम जुन्या सापेक्ष कानाकडून करून घेतलं.

प्रौढांसाठी हीच वाट सगळ्यात भरवशाची दिसते. समजा एखाद्या गायकाची काळी एक पक्की झाली आहे. लांबून घंटा ऐकू येते. तो मनात आपला सा धरतो, घंटा त्याच्या पंचमावर लागते, म्हणून ती काळी चार. उत्तराला चार-पाच सेकंद लागतात, पण ते येतं. अडचण होते ती चालू गाण्यात. समोर कोणी पांढरी चारमध्ये गात असेल तर पाच मिनिटांत कान तिथला सा स्वीकारतो आणि मनातला खिळा निखळतो. गळ्याच्या भरवशावर राहणाऱ्यांचीही फसगत होते. आपला सगळ्यात खालचा स्वर हीच खूण असं काहीजण धरतात, पण सकाळी किंवा सर्दीत तोच स्वर चांगला दीड-दोन पट्ट्या खाली उतरलेला असतो. म्हणून तपासणी ब्रेडीसारखीच करावी: उठल्यावर आधी गुणगुणायचं, मग ट्यूनरवर पाहायचं, आणि चूक वर जाते की खाली ते वहीत टिपायचं. चूक सतत एकाच बाजूला जात असेल तर स्मृती आहे, फक्त सरकली आहे. दोन्ही बाजूंना वाटेल तशी भरकटत असेल तर अजून काही बसलेलं नाही.

चार-पाच सेकंदांची पळवाट बंद केली तर काय होतं, हे यटा वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 साली छापलेल्या प्रयोगात दिसतं. बारा प्रौढ संगीतकार, आठ आठवडे, सरासरी एकवीस तासांचा सराव. उत्तर दोन सेकंदांच्या आसपास द्यायचं, म्हणजे मनात सा धरून मोजायला सवड नाही. सरासरी सात स्वर नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकपणे ओळखता येऊ लागले. बाराही स्वर फक्त दोघांना जमले. हे अशक्य नाही, पण एकवीस तासांत सरसकट मिळणारंही नाही. शिवाय पेटीवर शिकलेली ओळख सतारीवर किंवा आवाजावर पुष्कळदा डगमगते आणि सराव सुटला की विरते, हे जाहिरातींतून शिकवण्या विकणारे सहसा सांगत नाहीत.

जन्मभर ही देणगी बाळगणाऱ्यांचा खिळाही तसा ढिलाच असतो. शिकागोतल्या एका प्रयोगात अशा लोकांना ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकवताना ती हळूहळू अर्ध्या स्वराच्या एक-तृतीयांशानं उतरवली. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि नंतर त्यांना उतरलेलेच स्वर सुरेल वाटू लागले. अनेकांना सवयीच्या पट्टीपेक्षा वेगळ्या पट्टीत तेच अंतर ओळखायला सांगितलं की ते अडखळतात. जपानी संशोधक केन-इचि मियाझाकी यांना हे दिसलं. याचं कारण असं की या मंडळींना दोन स्वरांमधल्या नात्याआधी त्यांची नावं ऐकू येतात. चाळिशी-पन्नाशीनंतर तर त्यांच्यातल्या पुष्कळांना सगळं संगीत अर्धा स्वर चढलेलं ऐकू येतं. रशियन पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्तर यांना उतारवयात याचा फार त्रास झाला, बोटं एका पट्टीत आणि कान दुसऱ्या. काळी एकमध्ये भूप गाणाऱ्याला हा त्रास बहुधा कळणारही नाही. त्याच्या कानात तंबोरा चढला तर त्याच्याबरोबर गंधार आणि पंचमही तेवढेच चढतात.